आमची वाटचाल : बिलापासून जमा होईपर्यंत

आमची फर्म छापील खोकी पुरवते. पहिली काही वर्षं माल वेळेवर जायचा, पैसे मात्र गिऱ्हाइकाच्या सवडीने यायचे. 48,620 चं बिल असलं की खात्यात 48,000 जमा व्हायचे, आणि तपशिलात नुसतं ‘पेमेंट’. उरलेले 620 कापले की विसरले, हे विचारायला फोन करावा लागे. दोन बिलांचे पैसे एकदम आले की ताळा बसवण्यात महिनाअखेरीचा अख्खा दिवस जायचा.

रिक्वेस्ट-टू-पे सुरू केल्यावर बिलाबरोबरच गिऱ्हाइकाच्या बँकिंग ॲपमध्ये आमची पैशांची मागणी जाऊ लागली. तिच्यात नेमकी रक्कम, बिल क्रमांक आणि देय तारीख असते. ती स्वतःहून पैसे ओढत नाही. गिऱ्हाइकाने मंजुरी दिली तरच रक्कम निघते, आणि आमच्या खात्यात येताना बिल क्रमांक बरोबर घेऊन येते. रक्कम बदलू द्यायची की नाही हे मागणी पाठवतानाच ठरवता येतं. आम्ही ती मुभा बंदच ठेवतो. त्यामुळे 48,620 तरी येतात, नाहीतर नकार येतो. नकारही मला मोलाचा वाटतो, कारण काहीतरी खटकलंय हे त्याच दिवशी कळतं.

आमची मोठी चूक तारखेत झाली. देय तारीख आणि मागणीची मुदत संपण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही दोन्हींसाठी 30 तारीख टाकली. त्या दिवशी सुट्टी होती. गिऱ्हाइकाने 31 ला ॲप उघडलं तर मागणी रद्द झालेली! त्यांनी हाताने रक्कम भरली, बिल क्रमांक चुकला आणि आम्ही पुन्हा फोनवर. आता मुदत देय तारखेनंतर दहा दिवसांनी संपते. 30 नंतर बिल थकीत दिसतं, पण भरण्याचा रस्ता खुला राहतो.

दुसरी गोष्ट आमच्या हिशेबनीस ताईंनी लक्षात आणून दिली. ‘स्वीकारली’ अशी खूण दिसली की मी बिल मिटलं असं समजायचो. त्या म्हणाल्या, “अहो, ही नुसती मंजुरी आहे. पैसे 30 ला निघणार, आणि त्या दिवशी त्यांच्या खात्यात शिल्लक असेल तरच.” तेव्हापासून बँकेच्या नोंदीत रक्कम दिसेपर्यंत बिल उघडंच ठेवतो.

परत आलेल्या मालाचंही तसंच. 48,620 मधली 2,400 ची खोकी परत आली, तर आधीची मागणी मागे घेऊन 46,220 ची नवी पाठवतो. एकदा जुनी मागे घ्यायची राहिली आणि गिऱ्हाइकाने दोन्ही मंजूर केल्या. जादा आलेले 48,620 आम्ही त्याच दिवशी परत केले. आता नवी मागणी जाण्याआधी जुनी मागे घेतल्याची खूण ताई स्वतः बघून घेतात.