भिंतीचं पोट आणि अर्जातला एक रकाना

आमच्या जुन्या घराच्या मागच्या भिंतीत ग्राउट, म्हणजे आतल्या पोकळ्या भरणारं पातळ मिश्रण, भरायला प्रत्यक्ष नऊ दिवस लागले. त्याआधी परवानगीत पाच महिने गेले, आणि तेही अर्जातल्या एका रकान्यापायी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिणार होतो. पण भिंत आतून कशी आहे हे कळल्याशिवाय तो रकाना का चुकीचा होता हे कळणार नाही.

भिंत ६ मीटर लांब, साडेतीन मीटर उंच आणि ९० सेंटिमीटर जाड. बाहेरून घडीव दगड इतके नीट बसवलेले की सगळी भिंत तशीच भरीव असेल असं वाटतं. तशी ती नाही. दोन्ही बाजूंना २०-२५ सेंटिमीटरचा घडीव थर आणि मधे डबर, चिपा आणि चुना यांचा भराव. घडीव दगडही फक्त समोरच्या कडेला नीट टेकलेले असतात, मागे ते खडबडीत आणि निमुळते. त्यांच्या सांध्यात चुना अगदी थोडा, भरावात मात्र भरपूर. त्यामुळे वर्षानुवर्षं भराव खाली बसत जातो, घडीव थर बसत नाहीत आणि वरचं सगळं वजन त्या दोन पातळ थरांवर येतं. त्यात भिंतीच्या माथ्यावरून पाणी शिरलं की भरावातला चुना धुऊन निघतो, बारीक माती-खडे खाली येऊन साचतात आणि पाचरीसारखे दोन्ही थरांना बाहेर रेटतात. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार दगड आमच्या भिंतीत जवळजवळ नव्हतेच. मग पोट सुटलं.

आम्ही वरून ओळंबा सोडला आणि दर २५ सेंटिमीटरवर अंतर मोजलं. जमिनीपासून साधारण १४० सेंटिमीटरवर फुगवटा ७० मिलिमीटर निघाला. वर्षभरापूर्वी तिथेच ६६ होता, म्हणजे भिंत अजून सरकत होती. लाकडी हातोडीने ठोकलं तर फुगलेल्या भागाचा आवाज पोकळ येत होता, कोपऱ्यांजवळ टणक. सांध्यातून एक भोक पाडून बारीक कॅमेरा आत सोडला, तेव्हा घडीव थराच्या मागे हात जाईल एवढी पोकळी दिसली.

आता तो रकाना. भिंत जुनी, म्हणून दुरुस्तीला परवानगी लागत होती, आणि अर्जात विचारलं होतं: "सिमेंटचा ग्रेड". आमच्या इंजिनियरबाईंनी हायड्रॉलिक चुन्याचं ग्राउट ठरवलं होतं. रकान्यात "लागू नाही, चुना" असं लिहिलं. फाइल परत आली. दुसऱ्यांदा कारण जोडलं, पुन्हा परत. तिसऱ्यांदा तिथल्या साहेबांनी तोंडीच सांगितलं, "सिमेंट लिहा, आजच सही करतो." तिथे मी खरंच डळमळलो. पावसाळा दीड महिन्यावर होता आणि भिंत टेकूंवर उभी होती.

इंजिनियरबाई हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "साधं सिमेंट भरलं तर जुन्या भिंतीच्या पोटात एक कडक, न दबणारा ठोकळा तयार होईल. बाजूचा चुना थोडा हलेल, हा हलणार नाही, आणि ताण घडीव दगडांवर येईल. शिवाय सिमेंटमधून क्षार सुटतात, ते पाण्याबरोबर दगडाच्या पृष्ठभागावर येतात आणि दगडाचे पापुद्रे निघतात. जुन्या भिंतीत कुठे जिप्सम असेल तर सिमेंटशी त्याची प्रक्रिया होऊन ग्राउटच फुगतं. फुगलेली भिंत दुरुस्त करायला फुगणारा माल आपण आत घालायचा का?"

पण साहेबांची शंकाही पोकळ नव्हती. ते म्हणत होते की चुना आत सुकतच नाही. साध्या चुन्याबाबत ते बरोबर आहे: तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि ९० सेंटिमीटर जाड भिंतीच्या मधोमध हवा पोचायला फार काळ लागतो. हायड्रॉलिक चुना मात्र पाण्याशी प्रक्रिया होऊन घट्ट होतो. हे कागदावर सांगून पटत नव्हतं, म्हणून आम्ही दोन डबे भरले, एकात साध्या चुन्याचं ग्राउट आणि दुसऱ्यात हायड्रॉलिक चुन्याचं, आणि दोन्ही हवाबंद केले. २८ दिवसांनी साहेबांच्या टेबलावर उघडले. पहिल्यात त्यांनी अंगठा दाबला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. दुसऱ्यावर नखाने ओरखडाही उठेना. त्यांनी अंगठा रुमालाला पुसला, रकान्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी स्वतःच्या हाताने "हायड्रॉलिक चुना" लिहिलं. मला त्या रेघेचा अजून अभिमान वाटतो. हे डबे पहिल्याच अर्जासोबत न्यायला हवे होते, तुम्ही न्या.

पुढचं काम सरळ झालं. माथ्यावरची गळती आधी बंद केली, नाहीतर बाकी सगळं वाया. सांधे ३-४ सेंटिमीटर खरवडून चुन्याने दर्जा, म्हणजे सांध्यांची तोंडं, भरल्या आणि तीन आठवडे ओली पोती लावून ठेवली. भोकं फक्त सांध्यातून पाडली, दगडातून नाही. साधारण ५० सेंटिमीटरवर, तिरक्या मांडणीत, ६० सेंटिमीटर खोल, आत किंचित उतरती. मग वरून खाली थोडं-थोडं पाणी सोडून आतली धूळ काढली. भराव ओला नसेल तर तो ग्राउटमधलं पाणी शोषून घेतो आणि ग्राउट दोन वितींवरच अडकतं.

भरायचं मात्र खालून वर, आणि पंप नको. भोकापासून दीड मीटर उंचीवर बादली आणि तिला नळी, एवढा दाब पुरतो. खालच्या भोकात सोडलेलं ग्राउट शेजारच्या भोकातून बाहेर आलं की ते भोक बंद करून पुढे सरकायचं. एका दिवसात अर्धा मीटर उंची, त्याहून जास्त नाही. गवंडीकाकांना हा नियम मान्य नव्हता, म्हणून हिशोब मांडून दाखवला: ओलं ग्राउट पाण्याच्या दीडपटीहून जड असतं, त्यामुळे अर्धा मीटर उंचीचं ग्राउट तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ८०० किलोने बाहेर रेटतं. साडेतीन मीटर एका दमात भरलं असतं तर साडेपाच टन. आधीच सुटलेल्या पोटावर एवढा जोर आला तर टेकूसुद्धा पुरणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी एक भोक ग्राउट गिळतच राहिलं आणि शेजारून काहीच येईना. तासाभराने घरातून हाक आली: कपाटामागच्या भिंतीतून चुना वाहतोय. बाहेरच्या दर्जा भरल्या होत्या, आतल्या बाजूची कपाटामागची तेवढी राहिली होती. कपाट आधीच हलवा. गळती चिंध्या कोंबून थांबवली आणि ते भोक दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं.

भरावाचं घनफळ साडेनऊ घनमीटर होतं. त्यात सव्वा घनमीटर ग्राउट गेलं, म्हणजे आतली पोकळी आठव्या भागाहून जास्त होती. ग्राउट घट्ट झाल्यावर फुगलेल्या भागात स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घालून दोन्ही थर एकमेकांना बांधले, कारण ग्राउट पोकळी भरतं, पण नसलेल्या आरपार दगडांचं काम एकटं करू शकत नाही. ग्राउट सुटलेलं पोट परत आतही ढकलत नाही. दगड हाताने हलत असते, तर तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधावा लागला असता.

ओळंबा आम्ही अजून दर तीन महिन्यांनी सोडतो. दोन पावसाळ्यांनंतरही आकडा ७० च आहे, आणि हातोडीचा आवाज सगळीकडे सारखा येतो, फक्त उजवीकडे खाली दोन दगडांमागे थोडा पोकळ वाटतो. तिथे पुढच्या उन्हाळ्यात एक भोक पाडणार आहे. आणि हो, दगडावर सांडलेलं ग्राउट लगेच ओल्या स्पंजने पुसा. आमच्या भिंतीत दगडांच्या तिसऱ्या ओळीवर एक पांढरा ओघळ राहिला आहे, तो आता घासूनही निघत नाही.