तुम्ही विचारलंत म्हणून: ती क्लिप माझी होती का

"नेटवरून फाइल उतरवायची, थ्रीडी प्रिंट मारायची, मग विज्ञान प्रदर्शनात उभं राहून भाषण करण्यासारखं त्यात तुझं काय होतं?"

फाइल उतरवली होती. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण भाषणात सांगितलं नव्हतं आणि तेव्हापासून ते टोचतंय. आजोबांची काठी टेबलाला टेकवून ठेवली की घसरून पडायची, ती टेबलाच्या कडेला अडकवता यावी म्हणून क्लिप हवी होती. शोधली, एक सापडली, घेतली. पण ती एसटीएल होती, म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी. हे भोक अमुक व्यासाचं असं त्यात कुठे लिहिलेलं नसतं, माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात हेसुद्धा नसतं. व्हर्नियर लावला तर काठीची नळी १९ मिमी भरली आणि फाइलमधलं भोक लहान. अख्खी क्लिप स्केल केली की भोकाबरोबर भिंतीची जाडी वाढते, टेबलाच्या हुकची फटपण वाढते, मग टेबलाला ती ढिली बसते.

म्हणून कॅडमध्ये कोऱ्या स्केचपासून काढली. नळीचा व्यास हा एकच पॅरामीटर आणि बाकीची मापं त्याला बांधलेली, तोंड व्यासापेक्षा ३ मिमीने कमी, म्हणजे १६, त्यामुळे नळी आत दाबताना दोन्ही पंजे दीड-दीड मिमी फाकतात आणि परत मिटतात. अर्धवट गोल आणि आवळलेलं तोंड ही कल्पना त्या उतरवलेल्या फाइलमधून आली हे मी नाकारत नाही. पण मापं माझी, आणि चूकही माझीच, त्या फाइलमध्ये ती नव्हती.

आता त्या दिवसाचं. भाषण चार मिनिटांचं होतं, पाठ केलं होतं, सकाळपासून येणाऱ्या प्रत्येकाला काठी लावून-काढून दाखवत होते, दहा-बारा वेळा तरी झालं असेल. परीक्षक आले, मी "आता प्रत्यक्ष बघा" या वाक्यापर्यंत पोचले, तर त्यातले एक सर म्हणाले, द्या, मीच लावतो. त्यांनी अजिबात जोर लावला नाही, तुम्ही-आम्ही दाबू तसंच दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि एक पंजा टेबलावर पडला.

कोणी काही बोललं नाही. मी तो तुकडा उचलला. तुटलेली बाजू एकदम सपाट होती, आडव्या बारीक रेघा दिसत होत्या, प्लास्टिक ताणलं गेलं की पांढरं पडतं तसं कुठेही पडलेलं नव्हतं. हे सगळं मला तेव्हाच दिसलं आणि त्याचा अर्थही माहीत होता, की मटेरियल तुटलेलं नाही, छापताना एकावर एक चढवलेले दोन थर एकमेकांपासून सुटलेत. पण तोंडातून वेगळंच निघालं. म्हणाले, "सर, वेळ कमी होता म्हणून इनफिल वीस टक्केच ठेवलं होतं, शंभर ठेवलं असतं तर तुटलं नसतं." सरांनी मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

ते वाक्य खोटं होतं. इनफिल म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतली जागा किती भरायची ते. पंजा २ मिमी जाड, प्रिंटरचं नोझल ०.४ मिमीचं, म्हणजे जाडीत जेमतेम पाच रेघा बसतात. मॉडेलचे थर पाडणाऱ्या स्लायसर सॉफ्टवेअरला मी दोन्ही बाजूंनी तीन-तीन रेघांची भिंत सांगितली होती. त्या पंजात इनफिलला जागाच नव्हती, तो सगळा भिंतच होता. वीस ठेवा नाहीतर शंभर, पंजा तसाच छापला गेला असता. प्रिव्ह्यूमध्ये मी हे स्वतः बघितलं होतं. तुम्ही फाइलवरून बोलता तेव्हा मला राग येतो, पण खरं सांगायचं तर मला स्वतःचा जास्त राग येतो तो या वाक्यासाठी.

खरं कारण ठेवण्याच्या दिशेत होतं. क्लिपला दोन कामं आहेत. पंजे आडव्या पातळीत उघडतात आणि टेबलाचा हुक उभ्या पातळीत भार घेतो. दोन्ही एकाच तुकड्यात असले की प्रिंटरच्या बेडवर एकच भाग आडवा झोपवता येतो. हुक भार घेणार म्हणून मी हुक झोपवला, त्यामुळे पंजे बेडवर उभे राहिले, थरावर थर चढत. मग पंजा फाकवला की ताण बरोबर त्या थरांच्या जोडावर येतो, आणि जोड तर छापील वस्तूत सगळ्यात कच्चा. शिवाय पंजाच्या मुळाशी कोपरा धारदार ठेवला होता, फिलेट म्हणजे कोपऱ्याची गोलाई दिलीच नव्हती. सकाळच्या दहा-बारा वेळांमध्ये तिथली भेग वाढत गेली असणार, सरांच्या हाताला फक्त शेवटची वेळ आली.

त्या संध्याकाळी हिशोब केला. तो आधी करायला हवा होता, दाबून अडकवायच्या पंजाचं, म्हणजे स्नॅप-फिटचं, साधं सूत्र आहे:

```
ε = 3·t·y / (2·L²)
```

ε म्हणजे स्ट्रेन, मटेरियल आपल्या लांबीच्या किती टक्के ताणलं जातं ते, t जाडी, y पंजा किती फाकतो ते, L लांबी. हे सरळ पट्टीचं सूत्र आहे, माझा पंजा गोलाई घेतलेला, पण अंदाजाला चालतं. २, १.५ आणि १५ मिमी घातले तर स्ट्रेन २ टक्के येतो. क्लिपचं प्लास्टिक पीएलए, ते थरांच्या पातळीत वाकवलं असतं तर कदाचित निभावलं असतं, जोडावर रोज एवढा देणं म्हणजे तुटणं ठरलेलंच. मूळ मागे नेऊन लांबी २० केली, जाडी १.६, तर स्ट्रेन ०.९ टक्क्यावर आला. क्लिपचे दोन तुकडे केले, पंजे वेगळे, हुक वेगळा, दोन्ही आपापल्या बाजूवर झोपवून छापले, मुळाला दीड मिमीचं फिलेट दिलं आणि डव्हटेलने, म्हणजे एकमेकांत सरकणाऱ्या तिरक्या खाचेने, जोडले, दर बाजूला ०.२ मिमी फट ठेवून.

दुसऱ्या दिवशी भाषणाचा कागद आणलाच नाही. तुटका पंजा हातात धरला, रेघा दाखवल्या आणि मी कुठे चुकले ते सांगितलं, इनफिलचं काल चुकीचं बोलले हेसुद्धा. पण कालचे परीक्षक तिथे नव्हते, ज्यांनी ऐकलं त्यांना कालचं माहीतच नव्हतं. आणि उतरवलेल्या फाइलबद्दल मी त्याही दिवशी बोलले नाही. मनात म्हटलं, आता क्लिप दोन तुकड्यांची आहे, त्या फाइलशी हिचा संबंध उरला नाही. आज वाटतं की ती पळवाट होती. मग परत वाटतं, तोंड आवळून पकडायची युक्ती तर भिंतीवर झाडू अडकवायच्या साध्या क्लिपलासुद्धा असते, ती कुणाच्या नावावर सांगायची? या दोन्हीत मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि नवी क्लिपसुद्धा पूर्ण जमलेली नाही. पंजा लांब आणि बारीक केला की स्ट्रेन कमी होतो, पण पकडही जाते, माझ्या आकड्यांनी ती पहिलीच्या साधारण पाचव्या हिश्शावर आली. रुंदी वाढवली तर स्ट्रेन तेवढाच राहतो आणि पकड वाढते, म्हणून रुंदी दुप्पट केली, तरी पहिलीच्या निम्मीसुद्धा भरत नाही. आजोबा वापरतात. तुटलेली नाही, पण कुणाचा कोपर लागला की काठी सुटून पडते. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक पीएलएपेक्षा जास्त स्ट्रेन सोसतं, त्यात पंजा परत थोडा जाड करून बघायचा आहे.