जुने प्रोफाइल फोटो आणि कव्हर काढताना: माझा अनुभव

फेसबुकवर कव्हर बदललं की जुनं गेलं, असं मीही धरून चाललो होतो. ते जात नाही. प्रोफाइलच्या माथ्यावरून उतरतं आणि "Cover photos" नावाच्या अल्बममध्ये जाऊन बसतं. प्रोफाइल फोटोंचंही तसंच, त्यांचा अल्बम "Profile pictures". हे दोन्ही अल्बम फेसबुक आपणहून बनवतं, आपल्याला विचारत नाही.

माझं खातं 2010 चं. मोजले तेव्हा प्रोफाइल फोटो 41 आणि कव्हर 26 निघाले. कव्हरचा प्रकार 2011 च्या शेवटी टाइमलाइनसोबत आला, म्हणजे सरासरी वर्षाला दोन. त्यात आमच्या नागपूरच्या फुटाळा तलावावरची संध्याकाळ होती, दीक्षाभूमीचा स्तूप होता, ते राहिले तरी काही बिघडत नव्हतं. बिघडत होतं ते 2014 च्या एका कव्हरनं.

तो फोटो मानेवाड्याच्या घरासमोर काढलेला. कव्हर म्हणून लावला तेव्हा गॅलरीतल्या कुंड्या आणि आम्ही चौघं, एवढंच दिसत होतं. कॉम्प्युटरवर कव्हरची पट्टी 851 बाय 315 पिक्सेलची असते, म्हणजे उंचीच्या पावणेतीनपट रुंद. मोबाइलचा साधा आडवा फोटो त्यात बसवला की जवळजवळ अर्धा भाग पट्टीबाहेर राहतो. पण अल्बममध्ये कापलेली पट्टी नसते, अपलोड केलेला अख्खा फोटो असतो. तिथं खालच्या भागात गेटवरची पाटी प्लॉट नंबरासकट वाचता येत होती, शेजारी गाडीचा MH 31 चा पूर्ण नंबर, आणि मुलीच्या गणवेशावर शाळेचा बिल्ला. म्हणून अल्बम चाळताना लहान चौकोन बघून पुढं सरकू नका, प्रत्येक फोटो उघडून चारही कोपरे बघा.

आता हे सगळ्या जगाला का दिसतं, ते कळलं की पुढचं काम सोपं जातं. चालू असलेलं कव्हर फेसबुक कायम "Public" ठेवतं, त्यात आपल्याला निवडच नसते. नवीन लावलं की जुन्यावरची ही सक्ती उठते, पण त्याची सेटिंग आपोआप बदलत नाही, ते "Public" च राहतं. दर वेळी कव्हर बदललं की आणखी एक उघडा फोटो मागं राहतो. आणि या दोन अल्बमांना एकत्र कुलूप घालायची सोय नाही. आपण स्वतः बनवलेल्या अल्बमाला एकदाच "Friends" लावता येतं, इथं मात्र एकेक फोटो हाताळावा लागतो. वैताग आहे, पण दुसरा मार्ग नाही.

मी हे कॉम्प्युटरवर केलं. मोबाइलवरही होतं, पण बोटं दुखतात. थेट अल्बमांच्या पानावर जायला पत्ता असा, मधे स्वतःचं युजरनेम घालायचं:

```
https://www.facebook.com/username/photos_albums
```

पहिलं काम डाउनलोडचं. फोटो उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर गेलं की "Download" मिळतं. माझ्या 41 पैकी सहा फोटो दुसरीकडे कुठंच नव्हते, जुन्या मोबाइलसोबत गेलेले. डिलीट केलेल्या फोटोसोबत त्याखालच्या कॉमेंट आणि लाइकही जातात, हेही लक्षात असू द्या. बाबांच्या हयातीतल्या एका फोटोखाली त्यांनी लिहिलेली दोन वाक्यं होती. तो फोटो मी डिलीट केला नाही.

मग छाटणी. मी दोनच ढीग केले. एक डिलीट करायचा, दुसरा ठेवायचा पण फक्त स्वतःसाठी. पहिल्या ढिगात धूसर फोटो, एकाच चेहऱ्यावर चढवलेल्या तिरंग्याच्या चार फ्रेमा आणि ते मानेवाड्याचं कव्हर. यासाठी तीन टिंबांतून "Delete photo". दुसऱ्या ढिगासाठी त्याच मेन्यूत "Edit audience" असतं, काही ठिकाणी ते "Edit privacy" नावानं दिसतं. त्यात "Only me" निवडायचं. कॉमेंट शाबूत राहतात आणि बाहेरच्याला फोटो दिसत नाही. फक्त त्या फोटोत कुणाला टॅग केलं असेल तर तो माणूस बघणाऱ्यांत धरला जातो, म्हणून आधी टॅग काढा, मग "Only me" करा.

चालू कव्हरवर हा पर्याय शोधत बसू नका, तो तिथं नसतोच. त्यावर काही खासगी असेल तर आधी साधं कव्हर लावा, मी झिरो माइलच्या खांबाचा फोटो लावला. मग जुनं अल्बममध्ये उतरलं की त्याचं बघा. उलट बाजूनंही जपावं लागतं: "Only me" केलेला फोटो हौसेनं पुन्हा कव्हर केलात तर तो पुन्हा उघडा होतो.

फसगत होते ती टाइमलाइनवर. कव्हर बदलल्याची जी पोस्ट दिसते, तिच्यावर "Hide from profile" दाबलं की वाटतं काम झालं. ती पोस्ट फक्त टाइमलाइनवरून लपते, फोटो अल्बममध्ये होता तिथंच राहतो. माझ्या साळ्यानं अशा बारा पोस्ट लपवल्या होत्या, आणि अल्बम उघडला तर बाराच्या बारा हजर. तोच फोटो कधी साध्या पोस्टमधूनही टाकलेला असू शकतो, तेव्हा बाकीचे अल्बमही एकदा नजरेखालून घाला.

सगळ्यांत कमी कष्टाचा उपाय म्हणजे प्रोफाइल लॉक. भारतात ही सोय मे 2020 मध्ये आली. नावाशेजारच्या तीन टिंबांत "Lock profile" आहे. ते केलं की मित्रयादीबाहेरच्यांना आपले फोटो, पोस्ट, मोठ्या आकारातला प्रोफाइल फोटो आणि कव्हर दिसत नाही. घाई असेल तर आधी हे करून टाका. पण मित्रयादीतल्यांना सगळं पूर्वीसारखंच दिसतं, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या यादीत दोन-तीनशे अनोळखी नावं असतात. म्हणून लॉकवर भागवण्यापेक्षा मी छाटणीच केली.

तपासणीत मी एकदा चुकलो. लॉगआउट होऊन खासगी विंडोत प्रोफाइल उघडलं, काहीच दिसलं नाही, म्हटलं झालं. खरं तर लॉगिन नसलेल्या माणसाला फेसबुक बहुतेक वेळा लॉगिनचाच पडदा दाखवतं, तेव्हा कोरं पान हा काही पुरावा नाही. बरोबर रीत अशी, की नावाशेजारच्या तीन टिंबांतून "View as" उघडा. ते प्रोफाइल जनतेला कसं दिसतं ते दाखवतं. मग मित्रयादीत नसलेल्या घरच्या कुणाच्या खात्यावरून अल्बमांचं तेच पान उघडून बघा. मी वहिनीच्या मोबाइलवर बघितलं तर तीन कव्हर अजून दिसत होते. "Only me" निवडून मी ते सेव्हच केलं नव्हतं.

दोन्ही अल्बम मिळून 67 फोटोंना मला दोन संध्याकाळी लागल्या, त्यातली अर्धी वेळ डाउनलोड आणि कॉमेंट वाचण्यात गेली. शेवटी 38 डिलीट झाले, 27 "Only me" झाले आणि दोन उघडे राहिले: चालू प्रोफाइल फोटो आणि झिरो माइल.