खमण, घाणा नववा: लाल ठिपके सापडले!

मागच्या वेळी लिहिलं होतं की लाल ठिपके हळदीच्या भेसळीमुळे असणार. ते मागे घेते. हळद बिचारी निर्दोष आहे.

रविवारी फ्रूट सॉल्टची पुडी संपली होती, म्हणून त्याच मापाने, चहाचा एक सपाट चमचा, खायचा सोडा टाकला. बेसन नेहमीचंच, १५० ग्रॅम. पीठ भराभर फुगलं, मी खूश! पंधरा मिनिटांनी झाकण काढलं तर मध्ये खड्डा, कडेला मोठमोठी भोकं, वर तांबडे डाग आणि चवीला साबण. बाबा म्हणाले, "हा ढोकळा खायचा की कपडे धुवायचे?"

मग पुडीचा मजकूर नीट वाचला. पाच ग्रॅमच्या पुडीत सोडा निम्म्याहून थोडा कमीच असतो, बाकी बहुतेक सायट्रिक ॲसिड. म्हणजे मी दुपटीहून जास्त सोडा घातला होता आणि त्याला मारणारं आंबट काहीच नव्हतं. उरलेल्या सोड्याने पीठ अल्कधर्मी झालं आणि हळद लालसर झाली. खात्रीसाठी एका डागावर लिंबू पिळलं, तो लगेच पिवळा! (हा क्षण तीनदा अनुभवला.) खड्ड्याचं कारण मात्र वेगळं: गॅस इतका झाला की बुडबुडे एकमेकांत मिसळून फुटले, आणि बेसन शिजून घट्ट होण्याआधीच जाळी बसली.

काल पुन्हा केलं. १५० ग्रॅम बेसनाला अर्धा चमचा सोडा. अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड आधीच पाण्यात विरघळवून त्यात पीठ कालवलं. सोडा चाळून अगदी शेवटी, पात्रातलं पाणी खळखळ उकळत असताना. दहा-बारा वेळा हलवून थेट वाफेवर. जाळी बारीक, डाग नाही. चाळणं महत्त्वाचं, कारण माप बरोबर असूनही गुठळी राहिली की तिथे ठिपका येतोच. आठव्या घाण्यातले ठिपके त्यातलेच, आता कळलं. आणि सेटमधले स्वस्त प्लास्टिकचे चमचे फेका. माझा 'अर्धा' जवळजवळ पाऊण निघाला. दागिने मोजायचा छोटा काटा घ्या.

पुढचा बेत रवा ढोकळ्याचा होता. पण हे लिहिताना आठवलं, थंडीत न फुगलेल्या इडलीच्या पिठात मी डोळ्यांनीच सोडा टाकते. तिथे हळद नाही, त्यामुळे लाल रंग चुगली करत नाही. इडली नुसती पिवळट होते, भुसभुशीत होते आणि तोंडात खारट-साबणी चव राहते. आंबलेल्या पिठात आंबटपणा असतो, म्हणून थोडा सोडा खपतो. सोळा इडल्यांच्या पिठाला पाव चमचा पुरेल असं वाटतं, आणि पीठ नीट फुगलं असेल तर शून्य. तेव्हा रवा राहू दे. आज रात्री उडीद भिजवते, उद्या एकाच पिठाचे तीन भाग: शून्य, पाव आणि अर्धा चमचा. सासूबाईंना कोणता कुठला ते सांगणार नाही.