गुलाबी-निळ्या उजेडातला चेहरा: तिसऱ्या प्रयत्नाची नोंद

दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईच्या जत्रेला रात्रभराचं नाटक झालं. धाकट्या भावाने सावकाराचं काम केलं. त्याचा एकच फोटो नीट आला आणि त्यात नेमके डोळे मिटलेले. म्हणून अंगणात ढगाळ सकाळी काढलेला त्याचाच चेहरा तिथे बसवतोय. त्याला विचारूनच.

चेहरा जागेवर लगेच बसतो, अडतं ते रंगावर. स्टेजच्या डावीकडून गुलाबी एलईडी पार दिवा आणि उजवीकडून निळा, त्यामुळे अर्धा चेहरा गुलाबी, अर्धा निळा. पहिल्या प्रयत्नात चेहरा बदलणाऱ्या DeepFaceLab मधला `rct` हा रंग जुळवण्याचा पर्याय वापरला. ही २००१ ची राइनहार्डची पद्धत: दोन्ही चेहऱ्यांच्या रंगांची सरासरी आणि पसारा जुळवायचा. एकाच रंगाच्या सांजेच्या उजेडात ती बरीच जमते. इथे तिने गुलाबी आणि निळ्याची सरासरी काढली आणि सगळा चेहरा सारखाच जांभळट करून टाकला. दुसऱ्या प्रयत्नात वरून रंगाचा थर दिला. लांबून बरं दिसलं, पण भावाने मोबाईल जवळ धरून विचारलं, "दादा, डोये एवढे पांढरे काहून दिसून रायले?"

त्याचं बरोबर होतं. मास्क कातडीचा होता, डोळे आणि दात त्यातून सुटले होते. गुलाबी उजेडात बुबुळाभोवतीचा पांढरा भागही गुलाबीच दिसणार, कारण तो पडलेला उजेडच परत फेकतो.

म्हणून या वेळी रंग चढवला नाही, उजेड गुणला. कातडी उजेडाचा काही वाटा परत फेकते, म्हणजे हिशेब गुणाकाराचा आहे, आणि तो गामा काढून, म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात आणून, लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक चॅनलचा वेगळा करावा लागतो. नमुना गळ्यावरचा घेतला. अंगणातल्या फोटोत गळा लाल १५०, हिरवा १०५, निळा ८०. नाटकातल्या फोटोत डाव्या बाजूला १९०, ३०, ११०.

```python
lin  = (src / 255.0) ** 2.2
gain = (neck_t / 255.0) ** 2.2 / (neck_s / 255.0) ** 2.2
out  = (lin * gain).clip(0, 1) ** (1 / 2.2) * 255
```

उत्तर आलं: लाल १.७ पट, हिरवा जेमतेम ०.०६, निळा २ पट. उजवीकडे गळा ३५, ४५, १७० होता, तिथे लाल ०.०४, हिरवा ०.१६ आणि निळा ५.३ पट. दोन्ही उत्तरं पूर्ण चेहऱ्यावर वेगवेगळी चालवली, डोळे-दातांसकट, आणि नाकाच्या रेषेवर मऊ उताराच्या मास्कने जोडली. नाटकाच्या मूळ फोटोत नाकाची सावली जिथे पडली होती, तिथेच हा उतार ठेवला. मधोमध सरळ रेघ मारली असती तर मुखवटा दिसला असता.

नमुना घेताना एक जपायचं. जिथे लाल २५५ ला टेकलाय तिथला ठिपका घ्यायचा नाही. तिथे खरा उजेड त्याहून जास्त असतो, मोजमाप कमी येतं. मी २४० च्या खालचेच ठिपके घेतले.

मेकअपचाही फटका बसला. भावाच्या तोंडाला रंग लावलेला, गळा कोरा. गळ्यावरून उजेड बरोबर कळला, पण चेहरा मूळ फोटोपेक्षा काळसर आला. कानाजवळ मेकअप संपतो तिथे दोन्ही बाजूंचं प्रमाण मोजलं आणि तेवढी पट कातडीपुरती वेगळी गुणली.

सगळ्यात जास्त वेळ निळ्या गालाने खाल्ला. आमच्या कातडीतून निळा आधीच कमी परततो, म्हणून जेपेगमध्ये त्या चॅनलला मुंग्या आणि चौकोन असतात. ते ५.३ पट झाले की गालावर जाळी उमटते. उपाय असा केला: गुणण्याआधी निळा चॅनल बराच धूसर केला आणि बारीक तपशील, म्हणजे दाढीचे खुंट, भुवया, पापण्या, हिरव्या चॅनलमधून उचलून त्यात घातले. हिरवा सर्वांत स्वच्छ असतो. चेहरा धारदार करणारं रिस्टोरेशन शेवटी लावायचं नाही. माझ्याकडे त्याने दोनदा कातडी परत गव्हाळ करून ठेवली. ते आधी, मग उजेड.

तपासायला रंगीत चित्र कामाचं नाही. एकेक चॅनल करड्यात उघडायचा. माझा जबड्याखालचा सांधा रंगीतमध्ये अजिबात दिसत नव्हता, हिरव्यात मात्र सुतळी ठेवल्यासारखा उठून आला. डावीकडे हिरवा ३० च्या आसपास, तिथे ५-६ चा फरकही लगेच दिसतो. तो आता पुसला.

राहिलंय कपाळावरच्या घामाचं. घामाची चमक कातडीचा रंग घेत नाही, ती थेट दिव्याच्या रंगाची असते. माझ्या गुणाकारात तीही कातडीसारखीच गुणली जाते. ढगाळ सकाळच्या फोटोत चमकच नाही, म्हणून मूळ फोटोतली चमक वेगळी काढून वरून बेरजेने लावून पाहणार आहे. भावाच्या धोतराचा पांढरा काठ उजेडात आहे, दिव्याचा रंग तिथून घेईन.