चोपन्न हजारांचा फरक

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याचे हिशेब मी पाहते. अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटले की काय बोलायचे ते आधी कागदावर लिहून घेण्याची मला सवय आहे. लिंक्डइनवर खाते होते, पण त्यावर नाव आणि हुद्दा यांपलीकडे एक ओळही नव्हती. तिथे काही लिहावेसे वाटले ते जुलैच्या जीएसटी मेळामुळे.

आमच्या टॅलीतील खरेदीनुसार त्या महिन्यात ४,१२,६०० रुपयांचे कर-क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळायला हवे होते. पुरवठादारांच्या विवरणांवरून १४ ऑगस्टला जीएसटीच्या पोर्टलवर तयार झालेल्या जीएसटीआर-२बी या पत्रकात मात्र ३,५८,६०० रुपयेच दिसत होते. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणात दाखवले नाही आणि ते २बी मध्ये उतरले नाही, तर १ जानेवारी २०२२ पासून त्याचे क्रेडिट घेता येत नाही. त्यामुळे उरलेले ५४,००० रुपये २० तारखेच्या आत रोख भरावे लागणार होते. "बिलाचे पैसे करासकट दिलेत, मग तोच कर पुन्हा आपल्या खिशातून का?" हा मालकांचा प्रश्न अगदी रास्त होता.

बिल क्रमांकावरून जुळवणी करण्याच्या भानगडीत मी पडत नाही, कारण एकच बिल आमच्याकडे `SE/045` आणि पोर्टलवर `SE45` असे असू शकते. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि कराची रक्कम या दोन गोष्टींवर जुळवले की खरोखर न आलेली बिले तेवढी बाजूला पडतात. या वेळी तीन पडली: २७,००० रुपये कराचे एक, १८,००० चे दुसरे आणि ९,००० चे तिसरे.

पुरवठादाराने कोणते विवरण कधी भरले, हे त्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर शोधला की कोणालाही दिसते, त्यासाठी फोन करावा लागत नाही (माझ्यासारखीला हे फार सोयीचे!). पहिला पुरवठादार तिमाही विवरण भरणारा होता आणि मधल्या महिन्यांत बिले चढवण्याची ऐच्छिक सोय त्याने वापरली नव्हती. म्हणजे त्याचे बिल थेट सप्टेंबरच्या २बी मध्ये येणार, तोवर थांबण्यावाचून उपाय नव्हता. दुसऱ्याने ११ ऑगस्टची मुदत चुकवून १२ तारखेला विवरण भरले होते, त्यामुळे ते क्रेडिट एक महिना पुढे गेले. तिसऱ्याचे विवरण वेळेवर भरलेले होते आणि तरीही बिल दिसत नव्हते, तेव्हा फोन करणे आलेच. त्यांच्याकडे आमचा जीएसटी क्रमांक न टाकता ती विक्री किरकोळ ग्राहकांच्या बेरजेत दाखवली गेली होती. पुढच्या विवरणात त्यांनी ती तिथून वजा करून आमच्या क्रमांकावर दाखवली. १४ ऑक्टोबरला पहिल्या पुरवठादाराची उरलेली रक्कमही हाती आली.

त्या संध्याकाळी मी हे सारे नावे गाळून आणि आकडे बदलून लिहिले. बिल न दिसण्याची तीन कारणे, प्रत्येक कारण कसे ओळखायचे आणि कोणत्या कारणासाठी नुसते थांबणे पुरते, एवढाच मजकूर होता. तो बरेच दिवस मसुद्यातच पडून राहिला. शेवटी कार्यालयातून निघताना बटण दाबले आणि फोन पर्समध्ये टाकला.

प्रतिसाद बेताचाच होता. दोन दिवसांनी फोन आला तो नेमका त्या तिसऱ्या पुरवठादाराचा. "मॅडम, ते तिसरं बिल आमचंच ना?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आता बोलणी खावी लागणार असे मला वाटले. पण त्यांना राग आलेला नव्हता. त्यांच्याकडे अशा तक्रारी आणखी ग्राहकांकडूनही येत होत्या आणि दोघांनी त्यांची रक्कमही अडवून ठेवली होती. विवरण भरण्यापूर्वी दर महिन्याला विक्रीची यादी तपासून द्याल का, असे ते विचारत होते. खरेदीच्या बाजूने आयुष्य काढलेल्या मला विक्रीच्या बाजूचे काम मिळेल, हे कधी मनातही आले नव्हते.

आधी मालकांची परवानगी घेतली. ते आमचेच पुरवठादार असल्याने दोन्हीकडचे दर मला दिसणार होते, म्हणून त्यांच्या यादीतून दराचा रकाना वगळायचा असे ठरवले. पोर्टलचा पासवर्ड मी घेणार नाही आणि विवरण त्यांचे सल्लागारच भरतील, हेही संदेशाने लिहून पाठवले. मोबदल्याचा आकडा तोंडाने सांगणे मला जमले नसते, तोही त्याच संदेशात घातला. त्यांनी घासाघीस केली नाही. यावरून आकडा कमी पडला असावा.

नोव्हेंबरच्या ८ तारखेला पहिली यादी आली. तिच्यात क्रमांक नसलेले एकही बिल नव्हते, पण एका ग्राहकाच्या बेळगाव शाखेचे बिल त्याच्या महाराष्ट्रातील, २७ ने सुरू होणाऱ्या क्रमांकावर चढलेले होते. कर्नाटकचा क्रमांक २९ ने सुरू होतो. पोर्टलने ते बिनतक्रार स्वीकारले असते, कारण क्रमांक खरा होता. १० तारखेला दुरुस्त यादी त्यांच्या सल्लागारांकडे गेली.