आजीचं गोंदण

आखाजीच्या आदल्या दिवसाची रात्र, अमळनेर

उद्या पितरांची घागर भरायची. घागरीशेजारी आजी-आजोबांचा फोटो ठेवावा असं बाबांच्या फार मनात आहे. फोटो एकच आहे, स्टुडिओत काढलेला. खुर्चीवर आजोबा, शेजारी आजी, मध्ये चार-पाच वर्षांचे बाबा. मागे पेन्सिलीने १९६२ लिहिलंय. उजवीकडचा कोपरा फाटून वेगळा झालेला, वर माशीचे डाग, ओरखडे आणि साठ वर्षांची धूळ. चार दिवस मी लॅपटॉपवर त्याच्या दुरुस्तीलाच बसलेय, आणि आज दुपारी आत्या माहेरी आली तेव्हा कळलं की मी काय करून बसले होते.

लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अवं पोरी, मन्ही मायनं गोंदन कोठे गयं?"

पोटात खड्डाच पडला. आजीच्या चेहऱ्यावर पाच काळपट ठिपके होते, हनुवटीवर तीन, गालावर एक आणि कपाळावर एक. सगळ्या फोटोभर तसेच शेकडो ठिपके होते, त्यांच्यासोबत मी हेही पाच पुसले होते. आजी मी जन्मायच्या आधीच गेली. तिला गोंदण होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

बरं झालं ते एवढंच, की मूळ स्कॅनला मी हात लावला नव्हता. फोटो ६ बाय ८ इंचांचा, ६०० डीपीआयला स्कॅन केलेला. फोटोशॉपमध्ये त्यावर रिकामा लेयर घेऊन डाग पुसायच्या `Healing Brush` ला `Current & Below` लावलं, की सगळी दुरुस्ती त्या वरच्या लेयरवर उतरते, खालचा फोटो जसाच्या तसा राहतो. वरच्या लेयरवर आजीच्या चेहऱ्यापुरतं खोडरबर फिरवलं आणि पाचही ठिपके परत आले.

आता प्रश्न, त्यातलं गोंदण कोणतं आणि घाण कोणती? आत्याला हनुवटीवरचे तीन पक्के आठवतात, गालावरचाही आठवतो. कपाळावरच्या ठिपक्याबद्दल तिची खात्री नव्हती. कुंकवाखाली असेल, म्हणाली.

स्क्रीनवर कितीही मोठं केलं तरी हे सुटत नाही. ६०० डीपीआयला एका मिलिमीटरात साधारण २४ पिक्सेल येतात, म्हणजे गोंदणाचा ठिपका जेमतेम सात-आठ पिक्सेलचा. माशीचा डागही तेवढाच. मग मूळ फोटोच हातात घेतला. खोलीत अंधार केला, मोबाईलची बॅटरी फोटोच्या कडेला आडवी धरली आणि भिंगातून पाहिलं. आडव्या उजेडात कागदावर जे बसलेलं असतं ते उठून दिसतं आणि तिथली चकाकी तुटते. चित्रात जे आहे ते चकाकीच्या खाली असतं. हनुवटीवरच्या तिन्ही ठिपक्यांवरून उजेड सरळ घसरून गेला. गालावरच्या ठिपक्यावरूनही. कपाळावरचा मात्र खडबडीत निघाला, त्याच्या एका बाजूला बारीकशी सावली पडली. तो माशीचा डाग.

खात्री म्हणून फोटो उलटा, म्हणजे डोकं खाली करून, पुन्हा स्कॅन केला. स्कॅनरचा दिवा एकाच बाजूने येतो, त्यामुळे वर उठलेल्या कणाची उजळ बाजू आणि सावली दुसऱ्या स्कॅनमध्ये बाजू बदलतात. कपाळावरच्या डागाची बदलली, गोंदणाचं काहीच बदललं नाही. याच स्कॅनमधून आणखी एक गोष्ट कळली. भिंतीच्या भागातले सहा-सात डाग दुसऱ्या स्कॅनमध्ये त्या जागी नव्हतेच, ते भलतीकडे आजोबांच्या पायांपाशी आले होते. म्हणजे ते फोटोवर नाहीत, स्कॅनरच्या काचेवर आहेत. ते एकेक करून पुसत मी अख्खी एक संध्याकाळ घालवली होती. काच आधी नीट पुसली असती तर ते आलेच नसते.

पांढरे ठिपके मी बिनधास्त पुसले. त्यातले बरेचसे स्टुडिओतच आलेले असणार. फोटो मोठा करताना निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की तो उजेड अडवतो आणि कागदावर तेवढी जागा पांढरी राहते. जुने फोटोग्राफर असे ठिपके बारीक ब्रशने शाई लावून भरायचे. आजोबांच्या कोटावर असे भरलेले दोन ठिपके भिंगात सापडले. ते मी तसेच ठेवले आहेत. त्या माणसाचा हात आहे तो.

फाटलेल्या कोपऱ्याचं काम परवाच झालं होतं, पण लिहायचं राहिलं. पहिल्यांदा मी दोन्ही तुकडे जवळ ठेवून मधल्या पांढऱ्या रेघेवर ब्रश फिरवत बसले. आजोबांची बाही आणि मागची भिंत जिथे भेटतात तिथे सगळं राखाडी फुगलं. `Healing Brush` आजूबाजूचा रंग घेऊन मिसळतो, गडद-फिक्याच्या सीमेवर तो दोन्हीकडचं ओढून चिखल करतो. अशा ठिकाणी `Clone Stamp` च घ्यावा लागतो, तो फक्त उचलून ठेवतो.

पण खरी चूक त्याआधीची होती. कागद सरळ फाटत नाही, तिरपा फाटतो. एका तुकड्यावर कागदाचा पांढरा गर उघडा पडतो आणि दुसऱ्या तुकड्याच्या कडेला त्याच जागेचं चित्र चिकटून राहिलेलं असतं. म्हणजे चित्र हरवलेलं नसतं, पलीकडे असतं. कोपऱ्याचा तुकडा वेगळ्या लेयरवर घेतला, मोठ्या फोटोच्या वर ठेवला आणि खुर्चीच्या हाताची रेघ जुळेपर्यंत हळूहळू फिरवला. एक अंशसुद्धा फिरवावा लागला नाही. पांढरी पट्टी जवळजवळ सगळी आपोआप झाकली गेली. उरलं ते केसाएवढं, ते `Clone Stamp` ने शेजारूनच उचलून भरलं. दर दोन-तीन टिचक्यांनी उचलायची जागा बदलली, नाहीतर तेच दाणे पुन्हा पुन्हा उमटतात आणि भिंतीवर ठसे मारल्यासारखं दिसतं.

बाबांच्या डाव्या हाताचं काही केलं नाही. तिथला चित्राचा पापुद्राच उडालाय, तीन बोटं गेली आहेत. उजव्या हाताची बोटं उलटी करून तिथे बसवता आली असती. बसवून पाहिलीही. पण उजेड डावीकडून आलाय, आणि त्या बोटांवरची सावली चुकीच्या बाजूला पडत होती. शिवाय त्या मुठीत काही धरलेलं होतं का, तेही कुणाला आठवत नाही. तेवढा तुकडा कागदाच्या फिक्या रंगाचाच राहू दिला, फक्त त्याच्या कडेच्या भेगा पुसल्या.

संध्याकाळी बाजारपेठेत जाऊन प्रिंट काढून आणली. दुकानातल्या दादांनी विचारलं, "ताई, आजींच्या चेहऱ्यावरचे डाग काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे." मी नको म्हटलं.

आत्याने प्रिंट हातात घेतली, चष्मा वर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. हनुवटीवर बोट ठेवून तिने तीन मोजले, मग गालावरचा एक. "आते मन्ही माय दिखनी," म्हणाली आणि पुरणाची डाळ निवडायला आत गेली.